दाढीच्या तेलाला वास कुठला घालायचा: कामाच्या नोंदी, कोल्हापूर

१४ एप्रिल

दादाचं (माझा आत्येभाऊ, राजारामपुरीत सलून आहे त्याचं) म्हणणं असं की दाढीचं तेल आपणच बनवायचं आणि कटिंग-दाढी झाली की गिऱ्हाइकाला शेवटी दोन थेंब लावून सोडायचं. त्याची अट एकच, वास आला पायजे, खुर्चीवरून उठला की शेजारच्यानं विचारलं पायजे काय लावलंय म्हणून. आधी तो बाजारातलं एक तेल वापरत होता, त्यानं एकदोघांच्या गालाला खाज सुटली आणि एकाच्या हनुवटीखाली बारीक बारीक पुळ्या आल्या, मग त्यानं ते बंद केलं. त्याच्या मते दोन्हीला कारण वासच.

मला ते पटत नाही. खाज आणि लाली बहुतेक वेळा वासामुळं असते हे खरं, पण पुळ्या आणि बुजलेली रंध्रं हे काम जास्त करून खालच्या तेलाचं असतं. वास तेलात असतो किती, शंभरात अर्धा भाग. उरलेले साडेनव्याण्णव भाग जे त्वचेवर बसतात त्यांच्याकडं आधी बघायला नको का? म्हणून ठरवलं, आधी बिनवासाचं तेल पक्कं करायचं आणि त्यात गडबड नाही असं दिसलं की मगच वास. दोन्ही एकदम बदललं तर दोष कुणाचा ते शेवटपर्यंत कळत नाही.

१६ एप्रिल

दोन तेलं घेतली. डाव्या गालाला खोबरेल, उजव्याला रिफाइंड करडई सात भाग आणि जोजोबा तीन भाग. रात्री दाढी धुऊन, कोरडी करून, प्रत्येक बाजूला तीन थेंब. हाच प्रयोग माझ्या दाढीवर आणि दादाच्याही दाढीवर. वास कशातच नाही.

करडई घेण्याचं कारण एवढंच की आपल्याकडं सहज मिळते आणि रंध्रं बुजवणाऱ्या तेलांची जी ० ते ५ अशी यादी सगळीकडं फिरते त्यात ती ० वर आहे, खोबरेल ४ वर, जोजोबा २ वर. त्या यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्यातले बरेच आकडे सशाच्या कानावर शुद्ध तेल लावून काढलेत, माणसाच्या गालाशी ते जुळतीलच असं नाही. पण सुरुवात कुठून करायची हे कळायला बरी आहे.

घाण्याची करडई आधी आणली होती, पौष्टिक म्हणून. तिला स्वतःचाच इतका वास की वर काही घातलं तरी शेंगदाण्याच्या पोत्यात तोंड घातल्यागत वाटतंय. ती आता स्वयंपाकघरात गेली. वास घालायचा असेल तर खालचं तेल रिफाइंडच घ्या.

१४ मे

महिना होत आला. पुळ्यांची परीक्षा दोन दिवसांत होत नाही, रंध्र बुजून दिसायला आठवडे लागतात, त्यामुळं "एकदा लावून बघितलं, काय झालं नाही" याला अर्थ नाही.

दादाच्या खोबरेलच्या बाजूला जबड्याच्या कडेनं टोचणाऱ्या पुळ्या, प्रत्येकीच्या मधून एक केस. माझ्या त्याच बाजूला बारीक पांढरे दाणे, दिसत नाहीत पण हात फिरवला की लागतात. करडई-जोजोबाच्या बाजूला दोघांनाही काही नाही. म्हणजे त्या गिऱ्हाइकाच्या पुळ्यांना वास बिचारा जबाबदार नसावाच. दादाला दाखवलं तर म्हणतोय, "आमच्या आजोबांनी जन्मभर खोबरेलच लावलं की." डोक्याच्या केसांना लावलं ओ, गालाला नाही.

एक अपवाद लिहून ठेवतो. ज्याच्या दाढीत कोंडा पडतोय, नाकाच्या कडेला तेलकट खवले येतात, त्याला करडई पण जमेलच असं नाही. कोंड्याची जी बुरशी असते, मॅलासेझिया, ती वनस्पती तेलातल्या बऱ्याचशा फॅटी ॲसिडवर जगते. अशा माणसाला स्क्वालेन नावाचं तेल बरं, ते तिला खाता येत नाही. नाहीतर तेलच नको.

१७ मे

आता वास. सगळ्यात आधी मोजायचं कसं ते सोडवलं. चेहऱ्यावर राहणाऱ्या तेलात सगळे वास मिळून अर्धा टक्का असं धरलंय, एक टक्क्याच्या वर तर अजिबात नाही. ३० मिलीच्या बाटलीत तेल साधारण २७ ग्रॅम बसतं, त्याचा अर्धा टक्का म्हणजे ०.१३५ ग्रॅम. थेंबात मोजायचं तर थेंब प्रत्येक बाटलीचा वेगळा, पातळ तेलाचा बारीक, जाड तेलाचा मोठा. माझ्याकडं सोनार लोक वापरतात तसला खिशातला काटा आहे, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, पण एकेक थेंब सावकाश टाकला की तो काटा ढिम्म हलत नाही आणि मग एकदम उडी मारतो.

उपाय सोपा आहे. १ ग्रॅम वास आणि ९ ग्रॅम जोजोबा असं दहा टक्क्याचं पातळ मिश्रण आधी करून ठेवायचं, चिठ्ठी लावायची. मग ०.१३५ ग्रॅम वासाच्या जागी १.३५ ग्रॅम मिश्रण मोजायचं, काटा इकडंतिकडं झाला तरी फरक पडत नाही. शिवाय वासाचं शुद्ध तेल बोटाला लागून तोच हात डोळ्याला लागायची भीती कमी होते.

१९ मे

दादाची फर्माईश: दालचिनी आणि लवंग. "मर्दानी वास" म्हणे. मटणाचा मसाला करायचाय का दाढीचं तेल, असं विचारलं तर रागावला.

हे लावून बघण्याआधी हिशेबातच बाद झालं. दालचिनीच्या सालीच्या तेलात निम्म्याहून जास्त सिनामाल्डिहाइड असतं आणि ते त्वचेला ॲलर्जी लावण्यात अव्वल आहे. त्वचेवरच्या वापराला त्या तेलाची सुरक्षित मर्यादा ०.०७ टक्के धरतात. ३० मिलीच्या बाटलीत ते होतात ०.०२ ग्रॅमच्याही आत, म्हणजे एक थेंब पडला तरी जास्तच झालं. आणि इतक्या कमीत वास काय डोंबल येणार. लवंगेला अर्धा टक्का चालतो, पण तो पूर्ण कोटा एकट्या लवंगेनं खाल्ल्यावर दाताच्या डॉक्टरकडं गेल्यागत वास येतो. गवती चहाचं तेल पण याच रांगेत, त्यात तीन चतुर्थांशाच्या आसपास सिट्रल, मर्यादा ०.७ टक्के. तेही सोडलं.

२३ मे

चंदन. अत्तराच्या दुकानात १० मिली "शुद्ध चंदन" दीडशे रुपयाला मिळालं. खऱ्या चंदनाच्या तेलाचा भाव बघता त्या पैशात बाटली हुंगायला मिळाली असती, हे ठाऊक होतं, पण दादाला प्रत्यक्ष दाखवायचं होतं.

करडई-जोजोबात घातलं आणि हलवलं. लगेच ताकासारखं गढूळ झालं. रात्रभर ठेवलं तर सकाळी वर स्वच्छ तेल आणि तळाला बारीक बारीक थेंबांचा थर, हलवलं की परत गढूळ. याचा अर्थ वास बहुतेक ग्लायकॉलमध्ये कालवलेला आहे. स्वस्त अत्तर आणि सुगंध पातळ करायला डायप्रॉपिलीन ग्लायकॉल सर्रास वापरतात आणि ते अशा तेलात विरघळत नाही. धोका असा की बाटलीतला वास सगळा तळाला जातो, मग वरचे वीस जण बिनवासाचं लावतात आणि शेवटच्या दोघांच्या गालावर सगळा वास एकदम. न हलवता शेवटचं तेल ओतलं की जळजळ आलीच.

म्हणून कुठलाही वास विकत घेतला की पहिल्यांदा हेच करा, काचेच्या छोट्या बाटलीत थोडं तेल, त्यात थोडा वास, रात्रभर ठेवा. सकाळी गढूळ दिसलं तर तो वास तेलासाठी नाही. स्वच्छ राहिलं म्हणून शुद्ध आहे असं मात्र नाही, पॅराफिनमध्ये कालवलेलं अत्तर पण स्वच्छच राहतं.

२६ मे

आणखी एका दुकानदारानं "फ्रेग्रन्स ऑइल" दिलं, चंदन-ऊद का कायतरी, आणि वर कागद पण दाखवला, वासांच्या वापराचे नियम ठरवणाऱ्या इफ्रा संस्थेचं सर्टिफिकेट, "बघा साहेब, १०० टक्के वापरायला परवानगी". कागद खरा होता. पण तो १०० चा आकडा बारा नंबरच्या वर्गापुढं होता, तो मेणबत्ती-बिणबत्तीचा वर्ग. चेहऱ्यावर लावून ठेवायच्या क्रीमचा वर्ग ५बी आणि केसांना लावून ठेवायच्या तेलाबिलाचा ७बी, आणि त्या ओळीतला आकडा होता एकापेक्षा कमी. कागद मागायचाच, पण हातात आला की आपली ओळ शोधायची. आणि तो आकडा म्हणजे जास्तीत जास्तची हद्द, तेवढं घालाच असं नाही.

घेतलं नाही. सर्टिफिकेट बरोबर असलं तरी आत काय काय आहे ते कळत नाही, उद्या कुणाला खाज आली तर कशानं आली ते शोधायला काही हाताला लागत नाही. पहिल्यांदा बनवणाऱ्यानं एकाच नावाचा वास घ्यावा असं माझं मत.

२९ मे

संत्रं. घरात गोड संत्र्याच्या सालीचं तेल पडून होतं, गेल्या वर्षी उघडलेलं, अर्धी बाटली. लिंबू नको म्हणून संत्रं, कारण साल दाबून काढलेलं लिंबाचं तेल लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यागत होऊन डाग पडू शकतात आणि आपली सगळी माणसं दिवसभर गाडीवर. गोड संत्र्याला तो उन्हाचा त्रास नाही.

परीक्षा अशी लावली: डाव्या कोपराच्या आतल्या घडीत नुसतं तेल, उजव्या घडीत तेच तेल आणि अर्धा टक्का संत्रं. पाच रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा, सकाळ-संध्याकाळ, दोन आठवड्यांपर्यंत, मध्ये काही झालं तर तिथंच थांबायचं. एकदा लावून चोवीस तास बघायची जी पद्धत लोक सांगतात ती जळजळ पकडते, ॲलर्जी बऱ्याचदा निसटते. लावल्या लावल्या चुरचुरलं आणि धुतल्यावर गेलं तर ती जळजळ, प्रमाण कमी केलं की बहुतेक भागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किंवा आणखी उशिरा खाज येऊन लाली लावलेल्या जागेच्या बाहेर पसरायला लागली तर ती ॲलर्जी, तिथं प्रमाण कमी करून उपयोग नाही. दोन्ही हात एकदम बघायचं कारण, खाज दोन्हीकडं आली तर दोष तेलाचा, एकीकडंच आली तर वासाचा.

३ जून

उजव्या कोपराला खाज. काल रात्री बारीक सुरू झाली, आज सकाळी लालसर खडबडीत चट्टा, नाण्याच्या बाहेर बोटभर पसरलेला. डावा कोपर स्वच्छ. बंद केलं.

मग बाटली नीट बघितली. झाकणाच्या आट्यात चिकट राळ साठलेली आणि वास ताज्या संत्र्याचा नाही, खाली टर्पेंटाइनचा झाक मारतोय. संत्र्याच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं. लिमोनीन स्वतः फारसं त्रास देत नाही, हवेशी संबंध आला की त्याचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात आणि ॲलर्जी लावतात ते. अर्ध्या रिकाम्या बाटलीत वर्षभर हवा भरून राहिलेली, ते झालंच असणार. लव्हेंडरमधल्या लिनालूलचं पण असंच, टी ट्रीचं तेल पण जुनं झालं की असंच बिघडतं. "नैसर्गिक आहे, काय होतंय" म्हणणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

दादा म्हणाला नवी बाटली आणून परत लावून बघ. नाही. ॲलर्जी एकदा बसली की शरीर ते विसरत नाही, दर वेळी लावून ती आणखी पक्की करायची कशाला. लिमोनीन साबण, शाम्पू, आफ्टरशेव्ह सगळ्यात असतं, त्याचीच पंचाईत व्हायची. पक्कं जाणून घ्यायचं असेल तर त्वचेच्या डॉक्टरकडं पाठीवर पॅच टेस्ट होते, पट्ट्या दोन दिवस ठेवतात आणि काढल्यावर परत एकदा बघतात. ते काम कोपराचं नाही.

१० जून

चट्टा विरलाय, थोडी कोरडी साल निघतेय. आता वाळा.

आधी सरळ वाळ्याच्या मुळ्या आणून कोमट तेलात भिजत घातल्या, आई केसांच्या तेलात नागरमोथा, कपूरकाचरी घालते तसं. जमलं नाही. वास इतका मंद की दादाला नाक बाटलीत घालावं लागलं, तळाला मातीचा बारीक गाळ जो फडक्यातून पण उतरतो, आणि पावसाळी हवेत मुळ्यांनी ओल धरलेली, ती ओल तेलात गेली की तेल लवकर खवट होणार. वर त्यात वास किती टक्के उतरला ते मोजता येत नाही.

म्हणून ऊर्ध्वपातन करून काढलेलं वाळ्याचं तेल मागवलं, १० मिली सातशे रुपये. तपकिरी, काकवीसारखं दाट, ड्रॉपरमधून पडता पडत नाही, बाटली गरम पाण्यात धरावी लागली. (हिरवं मिळालं तर लगेच भेसळ समजू नका, कनौजला तांब्याच्या देगीत काढलेलं रूह खस हिरवंच असतं.) काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं, सकाळी तेल स्वच्छ. कागदाच्या पट्टीवर एक थेंब लावून खिडकीत ठेवला, शेजारी संत्र्याचा एक. संत्रं संध्याकाळपर्यंत गेलं, वाळा चौथ्या दिवशीही येतोय.

आणि दादाच्या अटीचं उत्तर इथंच मिळालं. संत्रं, लिंबू हे उडून जाणारे वास, ते दिवसभर टिकवायचे म्हणून लोक प्रमाण वाढवत जातात आणि त्वचेची वाट लागते. वाळा मुळातच सावकाश उडतो, त्यामुळं कमी घालून भागतं.

२५ जून

वाळा अर्धा टक्का, दोन्ही कोपर, दोन आठवडे. काही नाही. दादाच्या कोपरालाही काही नाही.

पण दादाला तो वास एकटा आवडेना, "पावसात भिजलेल्या घोंगड्यागत येतोय" म्हणे. ठीक आहे. देवदाराचं तेल आणलं, १० मिली दोनशे, ते थोडं गोडसर धुरकट आहे. वाळा ०.३ टक्के, देवदार ०.२ टक्के, बेरीज अर्धा टक्काच. हे लक्षात ठेवा, मर्यादा सगळ्या वासांना मिळून आहे, प्रत्येकाला वेगवेगळी नाही. दोन वास झाले म्हणून परत कोपराची परीक्षा पहिल्यापासून.

१२ जुलै

कोपर पास. दाढीला सुरू केलं, रात्री तीन थेंब. वास पुरतो का यावर दादाशी वाद, त्याला अर्ध्या तासानं वास येत नाही म्हणून अजून घाल म्हणतोय. स्वतःच्या नाकाखाली असलेला वास नाकाला सवयीचा होतो, त्याच्यावर ठरवायचं नसतं. वहिनीला विचारलं, ती जेवायला वाढताना म्हणाली येतोय की चांगला. विषय संपला.

१० ऑगस्ट

महिनाभर दोघांच्या दाढीला, पुळ्या नाहीत, दाणे नाहीत, खाज नाही. आता हेच पक्कं.

३० मिलीची बाटली अशी: करडई-जोजोबा (७:३) २५.६५ ग्रॅम, वाळ्याचं दहा टक्के मिश्रण ०.८१ ग्रॅम, देवदाराचं ०.५४ ग्रॅम. करडई लवकर खवट होते म्हणून खालच्या तेलात आधीच अर्धा टक्का व्हिटॅमिन ई घालून ठेवलंय. बाटली तपकिरी काचेची, आणि ठेवायला साधं झाकण, कारण ड्रॉपरचं रबर वासाच्या तेलानं फुगून चिकट होतं. खर्च एका बाटलीला ऐंशी रुपयांच्या आत, त्यात निम्मा जोजोबाचा, वाळ्याचा सहाच्या आसपास आणि देवदाराचा रुपयाभर. म्हणजे वासात काटकसर करून स्वस्त अत्तर घेण्यात काही राम नाही, वाचतात किती तर पाच रुपये.

आईला पण हवं होतं केसांना. तिच्या खोबरेलात तेच दोन वास मिळून ०.३ टक्के घातले, टाळूला काही त्रास नाही. पण रात्री लावून झोपली की कपाळाच्या वरच्या कडेला पुळ्या यायला लागल्या, उशीला लागलेलं तेल कपाळावर येतंय. आता आंघोळीच्या आधी तासभर लावते, पुळ्या बसायला लागल्यात.

१३ ऑगस्ट

दादा आता बाटल्या भरून सलूनमध्ये विकू म्हणतोय. त्याला सांगितलं की विकायला बनवायचं तर सौंदर्यप्रसाधनांचं उत्पादन लायसन्स लागतं, २०२० चे नियम आहेत, एफडीएकडं जावं लागेल, आणि गिऱ्हाइकाला लावायचं तर आधी विचारायचं, अत्तर किंवा साबणानं कधी खाज आलीय का. आली असेल त्याला बिनवासाची बाटली. ती मी वेगळी भरून दिलीय, झाकणावर पांढरी पट्टी लावून.